नाळेवरचे नाव

मुंबईच्या ससून डॉकवर, दापोलीजवळच्या हर्णै बंदरात किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात कधी गेलात, तर मासळीच्या टोपल्यांवरून नजर जरा वर उचलून होड्यांच्या नाळेकडे पाहा. होडीच्या पुढच्या उंच टोकाला नाळ म्हणतात. या नाळेच्या दोन्ही अंगांना ठळक अक्षरांत नाव रंगवलेले असते. आई एकविरा, भाग्यलक्ष्मी, जय मल्हार, अल मदिना, पवित्र माता. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपणा मंडळींना वाटते की ही प्रथा होडीइतकीच जुनी असावी. तसे नाही. होडीला नाव असणे जुने आहे, पण ते होडीच्या अंगावर लिहिणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे, आणि त्याआधी तिथे आला तो आकडा.

असे का, ते लाकडाकडे पाहिले की कळते. जुन्या काळी किनाऱ्यावरच्या होड्यांना रंग नसे. सागाच्या फळ्या खाऱ्या पाण्यात टिकाव्यात म्हणून त्यांना माशाचे तेल, विशेषतः मुशीच्या काळजाचे तेल चोपडत. अशा तेल प्यायलेल्या काळ्या लाकडावर कोणताच रंग धरत नाही. शिवाय वाचणार कोण? कोळीवाड्यात होडी ओळखली जायची ती शिडाच्या ठिगळांवरून, नाळेच्या ठेवणीवरून आणि मालकाच्या म्हणजे नाखव्याच्या नावावरून. अमक्या नाखव्याची होडी आली, एवढे म्हटले की पुरे. देवीचे नाव घेऊन होडी पाण्यात लोटत, पण ते नाव तोंडात असे, लाकडावर नसे.

लाकडावर पहिली सक्ती आली ती इंग्रज सरकारची. १८३८ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांना आणि त्यांच्याबरोबर मासेमारीच्या होड्यांनाही नोंदणी लागू झाली, आणि नोंदणीचा आकडा व ठिकाणाचे नाव होडीवर उमटवायचे ठरले. सरकारला होडी कोणत्या देवीची आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. ती कोणत्या बंदराची, एवढेच हवे होते.

बोटीच्या अंगावर देवासंतांची नावे ठळकपणे वाचायची सवय कोकणच्या सामान्य माणसाला लागली ती बहुधा आगबोटींमुळे. परक्या कंपन्यांशी टक्कर देण्यासाठी निघालेल्या स्वदेशी सहकारी कंपनीने, जिला लोक कौतुकाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आपल्या बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी नावे दिली. वारकऱ्याने तुकारामाच्या बोटीत बसायचे सोडून गोऱ्याच्या बोटीत का बसावे, असा तो साधा हिशोब होता. नावाने उतारू मिळाले, पण समुद्राने नावाची भीड धरली नाही. ‘तुकाराम’ १९२७ च्या वादळात गेली. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येला, मुंबईहून रेवसला जाताना उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्या होड्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. असो.

पुढे १९५० च्या दशकापासून सरकारी योजनांतून होड्यांना इंजिने बसू लागली. इंजिन आले म्हणजे कर्ज आले, कर्ज आले म्हणजे कागद आला, आणि कागदावर होडीच्या नावाचा एक रकाना आला. सोसायटीच्या डिझेलच्या वहीत, विम्याच्या पत्रात, बँकेच्या करारात तेच नाव हवे. याच काळात तेलाची जागा डब्यातल्या ऑइलपेंटने घेतली, पोरे शाळेत जाऊ लागली, आणि नाव रंगवण्याजोगी जागाही तयार झाली. पुढे १९८३ साली मर्चंट शिपिंग कायद्यात मासेमारी नौकांसाठी वेगळा भाग घालण्यात आला. म्हणजे ज्याला आपण आज कोळीवाड्याची परंपरा म्हणतो, त्यात देवीचा वाटा आहे तसा कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याचाही आहे.

आता नाव ठरते कसे, ते सांगतो. रिवाज एवढाच की नाव घरात पुकारायच्या आधी देवाला विचारायचे. बहुतेक कोळी घराण्यांत कार्ल्याची एकविरा ही मोठी. त्याखेरीज खंडोबा आहे, हिंगलाई आहे, वेशीवरची गावदेवी आहे. वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांत मारियामाता आणि संत येतात, रत्नागिरीकडच्या मुसलमान मच्छीमारांत मक्का-मदिना येतात. दुसरा झरा म्हणजे घरातली बाई. आई, आजी, बायको, मुलगी यांची नावे होड्यांना सर्रास दिसतात, आणि यात नुसता जिव्हाळा नसतो. होडीचा माणूस समुद्रावर, तर मासळी विकून पैसा घरात आणणारी आणि तो राखणारी बाई. होडीच्या भांडवलात तिचे दागिने असतातच. म्हणून नाव ठरवताना तिच्या शब्दाला वजन असते.

माझ्या आजोळी, रायगड जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यात, २००४ साली धाकट्या मामांनी नवी होडी बांधली. लांबी बेचाळीस फूट, सागाच्या फळ्या. काम वैशाखात संपत आले तेव्हा घरात नावाचा प्रश्न निघाला आणि तीन मते पडली. मामांचे म्हणणे, ‘आई एकविरा प्रसन्न’. थोरले मामा एका महाराजांच्या मठात जात, त्यांना ‘गुरुकृपा’ हवे होते. मामी म्हणाल्या, “आजीच्या पाटल्या मोडून पठाण घातलंय, आजीचं नाव नको का?” पठाण म्हणजे होडीचा तळाचा कणा, ज्यावर सगळी होडी उभी राहते. आजीचे नाव पार्वती. ती वारून दोन वर्षे झाली होती.

वाद देवापर्यंत जायच्या आधी थोरल्या मामांनी गावातल्या पेंटरला बोलावले. हा माणूस होड्या, रिक्षा आणि शाळेच्या भिंती सगळे रंगवी. त्याने पहिल्यांदा टेप काढली. नाव चांगले की वाईट याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. नाळेच्या मागे वरची कड आणि धक्क्याला घासू नये म्हणून ठोकलेली जाड लाकडी पट्टी, या दोहोंमध्ये त्याला सोळा इंच उंचीची जागा मिळाली. लांबीला सरळ पाच फूट. त्याच्या पुढे टायर टांगायचे होते आणि नोंदणीच्या आकड्यालाही जागा राखायची होती.

मग त्याने हिशोब मांडला. शेजारच्या होडीवरून नाव नीट वाचायचे तर अक्षराचे अंग, म्हणजे शिरोरेघेपासून खालपर्यंत, निदान नऊ इंच हवे. नऊ इंची अक्षराला रुंदी आठ-नऊ इंच लागते आणि काना किंवा वेलांटी आली की दहा-अकरा. ‘आई एकविरा प्रसन्न’ ही नऊ अक्षरे. त्याने बोटांवर मोजले ते एक्याऐंशी इंच, आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून त्र्याण्णव. म्हणजे पावणेआठ फूट. जागा पाच फूट. तेवढ्यात बसवायचे तर अक्षर सहा इंचांच्याही खाली जाते, आणि इंचभर जाडीच्या फटकाऱ्यात ‘प्र’ची तिरकी रेघ आणि ‘न्न’मधली पोकळी बुजून जाते. लांबून सगळा पांढरा पट्टा दिसतो. दोन ओळी करा म्हटले, तर सोळा इंचांत वरच्या-खालच्या मात्रा धरून अक्षर पाच इंचांचेही राहत नाही.

‘गुरुकृपा’ लांबीला बसत होते. पण तिथे त्याने दुसरीच गोष्ट दाखवली. ‘गु’चा उकार आणि ‘कृ’चा खालचा आकडा अक्षराच्या खाली लोंबतात, म्हणजे नेमके त्या लाकडी पट्टीच्या वर. होडीला होडी लागते, टायर घासतो, दोर ओढला जातो तो तिथेच. पहिल्याच हंगामात रंग जातो तो खालून. “वर्षानं ‘गरुकपा’ वाचाल,” तो म्हणाला, आणि थोरले मामाही हसले. देवनागरीत खाली चिन्ह नसलेले नाव होडीला टिकाऊ, हा त्याचा अनुभव होता. मी नंतर बंदरात मुद्दाम पाहत गेलो. जुन्या होड्यांवर सर्वांत आधी मेलेले असतात ते उकार.

राहिली ‘पार्वती’. तीन अक्षरे, खाली काही नाही. दहा इंची अंग घेतले तरी तेहतीस इंचांत संपते. शिरोरेघेच्या वर चार इंच, एकूण चौदा. वर-खाली एकेक इंच मोकळा. अडचण एकच. ‘र्व’चा रफार आणि ‘ती’ची वेलांटी शेजारी शेजारी येतात, दोन्ही रेघेच्या वर. नवशिका पेंटर दोन्हींना सारखीच गोलाई देतो आणि त्या एकमेकींत अडकून लांबून एकच गाठ दिसते. याने रफार लहान आणि उभा काढला आणि वेलांटी उजवीकडे झुकवून मोकळी ठेवली.

मामांचे समाधान मात्र झाले नव्हते. देवीचे नाव नाळेवर नाही म्हणजे काय? तेव्हा वाट काढली ती गावच्या पुजाऱ्याने. देवळात कौल लावायचे ठरले, पण प्रश्न बदलून. नाव देवीचे की आजीचे, असे न विचारता, नाळेवर ‘पार्वती’ आणि तांडेलाच्या केबिनीच्या कपाळावर ‘आई एकविरा प्रसन्न’ असे लिहिले तर मान्य आहे का, असे विचारले. कौल उजवा आला. पार्वती ही देवीही आहेच, गणपतीची आई आहे, हेही पुजाऱ्याने सांगितले. पण मामी म्हणाल्या की ज्याला जे वाचायचे ते वाचू दे.

ही वाटणी त्या पुजाऱ्याने शोधून काढली असे नाही. आजच्या बहुतेक होड्यांवर ती दिसते. नाळेवर हाक मारायचे आखूड नाव, केबिनीवर देवाचे लांब आवाहन, मागच्या बाजूला गावाचे किंवा बंदराचे नाव, आणि मधे कुठेतरी लहान अक्षरांत मुलांची नावे. केबिनीला सपाट फळी असते, तिला काही घासत नाही, तिथे सहा इंची अक्षरही टिकते. शिवाय वायरलेसवर बोलताना ‘आई एकविरा प्रसन्न’ एवढे कोणी म्हणत बसत नाही. भर वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात तीन अक्षरी नाव कानावर पडते. त्यातही गोम आहे. एका बंदरात पाच ‘भाग्यलक्ष्मी’ असल्या की हाक कोणाला मारली ते कळत नाही, आणि एखादी होडी परतली नाही की चौकशी करणाऱ्यांची तारांबळ उडते. म्हणून नाव ठरवताना शहाणे नाखवे आधी बंदरात एक फेरी मारून येतात. मामांनी मारली होती. ‘पार्वती’ आणखी एक होती, पण ती दोन कोसांवरच्या खाडीतली छोटी होडी, म्हणून चालवून घेतले.

रंगवण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. नवीन साग स्वतःच तेलकट असतो. त्यावर थेट ऑइलपेंट दिला तर तो महिन्याभरात पापडासारखा सुटतो. आधी पॉलिशपेपर, मग थिनरच्या फडक्याने पुसणे, मग प्रायमर, तो पुरता सुकला की जमिनीचा रंग, आणि त्यावर अक्षरे. जुन्या होडीवर काम असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे. मीठ राहिले किंवा लाकूड ओले असले की रंगाखाली फोड येतात, आणि फोड दाबला की आतून पाणी निघते. असे झाले की खरवडून पुन्हा सुरुवात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी घाईने रंगवलेली होडी श्रावणात ओळखू येते. मामांच्या होडीची अक्षरे मे महिन्याच्या उन्हात, मृगाच्या आधी, तीन दिवसांत पुरी झाली, आणि मग पावसाळाभर होडी झावळ्यांखाली शाकारून ठेवली.

दोन बाजूंची गंमत मला तेव्हाच कळली. होडीच्या डाव्या अंगाला नाव नाळेपासून सुरू होते आणि मागे जाते. उजव्या अंगाला ते मागून सुरू होऊन नाळेशी संपते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे, पण होडीचे नाक एका बाजूला डावीकडे तर दुसऱ्या बाजूला उजवीकडे. डाव्या अंगाला जागा चुकली तरी शेवटचे अक्षर थोडे पसरते, बिघडत नाही. उजव्या अंगाला चुकली तर शेवटचे अक्षर नाळेच्या वळणावर चढते आणि चिमटते. म्हणून याने उजव्या अंगाला नाळेपासून एक वीत सोडून आधी ‘ती’ची जागा खडूने आखली, आणि मग उलटे मागे येत ‘र्व’ आणि ‘पा’. शिरोरेघ त्याने खडू लावलेल्या सुताने मारली, ती जमिनीला समांतर नव्हे तर होडीच्या वरच्या कडेला समांतर. होडीची कड नाळेकडे वर चढते. रेघ सपाट ठेवली तर नाव खाली घसरल्यासारखे दिसते. अक्षरांचे उभे दांडे मात्र ओळंब्यात ठेवले, नाहीतर सगळी अक्षरे मागे रेलतात.

नारळी पौर्णिमा झाली आणि होडी पाण्यात उतरली. आदल्या दिवशी सुवासिनींनी नाळेला हळदकुंकू लावले, ओटी भरली, नारळ वाढवला. पेंटर बाजूला उभा राहून एकच काळजी करत होता, की हळदीचे ओले हात अक्षरांवर पडू नयेत. ते पडलेच. उजव्या ‘पा’च्या कान्यावर पिवळे बोट बरेच दिवस दिसत होते.

कागदावर मात्र नाव वेगळेच झाले. अर्ज इंग्रजीत भरला गेला, त्यात ‘पार्वती’चे स्पेलिंग एका ठिकाणी डबल ‘ए’ने आणि दुसऱ्या ठिकाणी एका ‘ए’ने पडले. विम्याचे कागद आणि नोंदणीचा दाखला यांत हा फरक राहिला, आणि तो दुरुस्त करायला मामांना चार फेऱ्या पडल्या. ‘एकविरा’ नाव असते तर आणखी त्रास झाला असता. तिचा ‘वि’ पहिला की दुसरा यावर गावात एकमत नाही, आणि इंग्रजीत तर तीन तऱ्हा चालतात. होडीला नाव ठेवणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की अर्ज भरण्याआधी इंग्रजी अक्षरे एका कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तीच उतरवा.

त्यानंतर नाळेवरचा तोल पुन्हा बदलला तो २००८ मध्ये. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी पोरबंदरच्या ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी बोटीतून आले. ती त्यांनी भर समुद्रात बळकावली होती आणि तिच्यावरच्या माणसांना मारले होते. बोटीच्या अंगावर नाव होते, ते ओळखीचे होते, आणि म्हणूनच कोणाला संशय आला नाही. त्यानंतर देशभर होड्यांची एकसारखी नोंदणी सुरू झाली. नव्या आकड्यात देशाची तीन रोमन अक्षरे, मग राज्याची दोन, मग जिल्ह्याचा अंक, मग होडी यांत्रिकी आहे की कशी ते सांगणारी दोन अक्षरे आणि शेवटी क्रमांक, असा ऐवज असतो. हा सगळा मजकूर नाळेवर लांबून दिसेल असा हवा. खलाशांना ओळखपत्रे आली, राज्याराज्यांनी होड्यांचे रंगही ठरवायला घेतले.

ज्यांनी नाळेवर लांबलचक नावे घातली होती त्यांची पंचाईत झाली. आमच्याच गावातल्या दोन-तीन होड्यांनी ‘प्रसन्न’ आणि ‘कृपा’ पुसून आकड्याला जागा करून दिली. मामांच्या होडीवर पाच फुटांतले तेहतीस इंचच गेलेले होते. उरलेल्या सत्तावीस इंचांत आकडा एका ओळीत बसेना. पेंटरने तो दोन ओळींत, सहा-सहा इंची अक्षरांत बसवला. रोमन अक्षरांना वर-खाली मात्रा नसतात, त्यामुळे दोन ओळी सोळा इंचांत मावल्या.

दर वर्षी होडी किनाऱ्यावर ओढली की रंग पुन्हा चढतो. जुन्याच अक्षरांवरून ब्रश फिरतो, त्यामुळे रेघा वर्षावर्षाला थोड्या जाड होत जातात आणि आतल्या पोकळ्या लहान. पाच-सहा वर्षांनी ‘र्व’चे पोट बुजायला लागले, तेव्हा मामांनी सगळे खरवडून लाकूड उघडे केले आणि नव्याने आखून घेतले. पेंटर तोवर मुंबईला गेला होता. त्याच्या पोराने टेप न लावता बापाच्या जुन्या अक्षरांवर आधी पातळ कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला आणि मगच पॉलिशपेपर हातात घेतला.